गोल तंबूला कापड किती लागतं आणि रंगवायला खर्च किती येतो?

खाली गोल भिंत आणि वर निमुळतं छप्पर असा तंबू जत्रेत अनेकांनी पाहिला असेल. गणिताच्या भाषेत खालचा भाग वृत्तचिती आणि वरचा शंकू. दहावीच्या परीक्षेत हे उदाहरण हमखास दिसतं, आणि कापड कमी पडण्याची चूकही बहुतेक वेळा एकाच जागी होते.

समजा, तंबूची त्रिज्या २.८ मीटर, भिंतीची उंची २ मीटर आणि जमिनीपासून टोकापर्यंतची उंची ४.१ मीटर आहे. म्हणजे शंकूची उंची ४.१ वजा २, अशी २.१ मीटर. पण छपराचं कापड उभं नसतं, ते उतारावर ताणलेलं असतं. म्हणून इथे तिरकस उंची लागते. २.८ आणि २.१ यांच्या वर्गांची बेरीज १२.२५ आणि तिचं वर्गमूळ ३.५, म्हणजे तिरकस उंची ३.५ मीटर.

भिंतीचं कापड: २ × २२/७ × २.८ × २ = ३५.२ चौरस मीटर
छपराचं कापड: २२/७ × २.८ × ३.५ = ३०.८ चौरस मीटर
एकूण: ६६ चौरस मीटर

छपरासाठी ३.५ ऐवजी २.१ घेतलं, तर उत्तर १८.४८ येतं. म्हणजे सव्वाबारा चौरस मीटरहून जास्त कापड कमी पडणार आणि छप्पर टोकापर्यंत पोहोचणारच नाही. उत्तर बरोबर आहे का, हे पडताळायची सोपी खूण आहे. या तंबूची जमीन २४.६४ चौरस मीटर आहे. उतरतं छप्पर तिच्याहून लहान असूच शकत नाही. जमिनीचं क्षेत्रफळ मात्र बेरजेत धरायचं नाही, कारण खाली कापड नसतं.

आता बाजारातला हिशोब. कापडाचा पन्हा १.५ मीटर असेल, तर ६६ भागिले १.५, म्हणजे ४४ मीटर लांबी. पण छप्पर त्रिकोणी पट्ट्या जोडून शिवतात, त्यात कातरण उरतं आणि शिवणीतही कापड जातं. त्यासाठी १० टक्के जास्त धरले, तर ४८.४ मीटर कापड घ्यावं लागेल. पट्ट्या उलटसुलट मांडून कापल्या, तर कातरण कमी होतं.

रंगाचा हिशोब वेगळा. शिवणीत दुमडलेलं कापड रंगवायचं नसतं, त्यामुळे इथे ६६ हाच आकडा. दर चौरस मीटरला ४० रुपये धरला, तर बाहेरून रंगवायला २६४० रुपये आणि आतूनही रंगवायचं असेल तर ५२८० रुपये. दाराचा पडदा त्याच कापडाचा असेल, तर दाराची जागा वजा करायची नाही. दार कायम उघडंच ठेवायचं असेल, तरच ती वजा होते.