ब्रेव्हेची वेळ कशी मोजायची? नल्लकुंटा ते मुंबई हायवे, 200 किलोमीटरचा हिशेब

थंडी सुरू झाली की हैदराबाद, सोलापूर, बिदर पट्ट्यातल्या सायकलवाल्यांत एकच विषय असतो, यंदा ब्रेव्हे करायची का? ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी. ही शर्यत नव्हे, पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. पण मुदत कडक असते. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20 तास, 400 ला 27 तास आणि 600 ला 40 तास. नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचे आहेत आणि जगभर तेच चालतात.

साडेतेरा तासांत 200 म्हणजे ताशी 15 किलोमीटर, हे ऐकून अनेकांना वाटतं की हे तर सहज जमेल. घोळ इथेच होतो. ताशी 15 हा सायकल चालवतानाचा वेग नाही. घड्याळ चहाला, पंक्चरला, सिग्नलला आणि लघवीला थांबल्यावरही चालूच राहतं. शिवाय मुदत फक्त शेवटाला नसते. वाटेतल्या प्रत्येक तपासणी नाक्याला, म्हणजे कंट्रोलला, बंद होण्याची स्वतंत्र वेळ असते आणि तिथे ब्रेव्हे कार्डावर नोंद व्हावी लागते.

ही वेळ घरबसल्या काढता येते. 60 किलोमीटरच्या पुढे 600 पर्यंत अंतराला 15 ने भागायचं, आलेले तास सुटण्याच्या वेळेत मिळवायचे. पहिल्या 60 किलोमीटरसाठी सवलत आहे: अंतराला 20 ने भागून त्यात 1 तास मिळवायचा. सुटण्याच्या जागचा कंट्रोलही त्यामुळे तासभर उघडा राहतो. 60 किलोमीटरला दोन्ही हिशेब बरोबर 4 तासांवर येतात.

आता नल्लकुंट्यातून सुटणारी एक फेरी मानू. मार्ग हिशेबापुरता धरलेला आहे: डिसेंबर, सकाळी 6 वाजता सुरुवात, मुंबई हायवेने झहीराबादच्या दिशेने 100 किलोमीटर जायचं आणि त्याच रस्त्याने परत. कंट्रोल दर 50 किलोमीटरला. 50 चा कंट्रोल साडेतीन तासांनी, म्हणजे 9.30 ला बंद होतो. 100 चा 12.40 ला, 150 चा दुपारी 4 ला. शेवटचा गणिताने 7.20 ला यायला हवा होता, पण 200 च्या ब्रेव्हेला एकूण साडेतेरा तास मान्य असल्याने तो 7.30 ला बंद होतो. ही 10 मिनिटं 600 च्या ब्रेव्हेतल्या 200 व्या किलोमीटरला मिळत नाहीत, तिथे 13 तास 20 मिनिटंच.

साधारण तयारीच्या माणसाचा बेत असा बसतो. जाताना ताशी 20 ने तो 8.30 ला 50 वर पोहोचतो. हातात 1 तास शिल्लक. इडली-चहाला 20 मिनिटं, 8.50 ला पुन्हा सायकलवर. 11.20 ला 100 वर, शिल्लक 1 तास 20 मिनिटं. जेवणाला 40 मिनिटं थांबून तो 12 ला निघतो. निघताना खरी शिल्लक 40 मिनिटंच उरली आहे, आणि नेमकी हीच बाजू लोक वहीत लिहीत नाहीत. पोहोचतानाचा आकडा बघून खूश होतात, निघतानाचा बघतच नाहीत.

परतीला ऊन आणि थकवा धरून वेग 17 मानू. 50 किलोमीटरला 2 तास 56 मिनिटं लागतात. 2.56 ला 150 वर, 20 मिनिटं थांबून 3.16 ला निघायचं, 6.12 ला नल्लकुंटा. शिल्लक 1 तास 18 मिनिटं. कागदावर झकास.

आता हाच बेत थोडा बिघडवून बघा. थंडीत इथलं वारं साधारण पूर्वेकडून असतं. म्हणजे पश्चिमेला जाताना ते पाठीवर असतं आणि ताशी 20 हा वेग थोडा उसना असतो, तो परतीला फेडावा लागतो. समजा वेग 15 वर आला आणि एक पंक्चर अर्धा तास खाऊन गेलं. 12 ला निघालेला माणूस 3.50 ला 150 वर येतो. शिल्लक 10 मिनिटं. तिथे ठरल्याप्रमाणे 20 मिनिटं बसला तर 4.10 ला निघेल आणि ताशी 15 ने बरोबर 7.30 ला पोहोचेल. शिल्लक शून्य. मियापूर, कुकटपल्लीच्या संध्याकाळच्या गर्दीत शेवटचे 25 किलोमीटर ताशी 12 ने झाले, तरी 25 मिनिटं जातात. झालं, ब्रेव्हे हुकली.

म्हणून सगळ्या कंट्रोलला सारखी शिल्लक धरण्यात अर्थ नाही. पुढच्या टप्प्यात काय वाढून ठेवलंय त्यावर ती ठरते. या मार्गावर 50 वरून निघताना अर्धा तास पुरे, कारण पुढे रस्ता मोकळा आणि पाय ताजे. 150 वरून निघताना मात्र किमान 45 मिनिटं हवीत: 25 शहराच्या गर्दीची, 20 एका पंक्चरची. वरच्या चांगल्या बेतातही तिथे 44 च उरतात. तेव्हा जेवण 40 ऐवजी 30 मिनिटांत उरकावं, पण सुरुवातीला वेग वाढवायला जाऊ नये. थांब्यातून काढलेल्या 10 मिनिटांना पायांची किंमत पडत नाही.

एक गोष्ट सायकलवाल्याच्या बाजूची आहे. कंट्रोलची मुदत पोहोचण्याची असते, निघण्याची नाही. 12.38 ला 100 वर आलात तरी नोंद होते. पण तिथे 1.10 पर्यंत बसलात तर 4 वाजण्याआधी 2 तास 50 मिनिटांत 50 किलोमीटर, म्हणजे ताशी 17.6 चा वेग लागतो. कायम हाच प्रश्न विचारावा: आत्ता निघालो तर पुढच्या कंट्रोलपर्यंत किती वेग लागेल? तो आपल्या दमलेल्या वेगाच्या वर गेला की थांबा संपला.

डोंगरातल्या पायी अल्ट्रामध्ये याच्या उलटही असू शकतं, ठरल्या वेळेआधी ठाणं सोडावं लागतं. शिवाय मोठ्या धावण्यांत वेळ कधीकधी बंदुकीपासून मोजतात. 88 किलोमीटरला 12 तास असतील तर किलोमीटरला 8 मिनिटं 11 सेकंद येतात, पण गर्दीमुळे सुरुवातीची रेषा ओलांडायलाच 8 मिनिटं गेली तर 8 मिनिटं 5 सेकंदच उरतात. पत्रकात हे आधी वाचून घ्यावं.

वाटेतल्या कंट्रोलला उशीर झाला तर? अपघातग्रस्ताला मदत केली, रस्ता बंद होता, अशा अकल्पित कारणाने उशीर झाल्याचं आयोजकाला पटलं तर तो पुढे जाऊ देऊ शकतो. दमणूक, भूक, सरावाची कमतरता किंवा खराब सायकल ही कारणं नियमाने चालत नाहीत. पंक्चर त्यामुळे आपल्याच खात्यात धरायचं.

600 च्या ब्रेव्हेत हीच शिल्लक झोप बनते. 400 चा कंट्रोल 26 तास 40 मिनिटांनी बंद होतो. 24 तासांत तिथे आलेल्याकडे 2 तास 40 मिनिटं असतात. दीड तास झोपून कपडे, खाणं, चेन-तेल यात 20 मिनिटं गेली, तर निघताना 50 मिनिटं उरतात आणि पुढे 200 किलोमीटर बाकी असतात. गजर दोन लावावेत, एक फोनवर आणि एक शेजारच्या सायकलवाल्याच्या फोनवर.