समुपदेशन प्रमाणपत्र आणि मानसशास्त्रीय व्यवसाय

सिल्वासात समुपदेशनाचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण करून कोणी दारावर ‘समुपदेशक’ अशी पाटी लावली, तर तेवढ्यानेच कायदा मोडतो असे नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ ही पाटी मात्र वेगळी. भारतीय पुनर्वास परिषद कायदा, 1992 हा केंद्रीय कायदा इथेही लागू आहे. त्यानुसार परिषदेच्या नोंदवहीत नाव लागते ते मान्य पात्रतेवर, आणि नोंदणीविना हा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. प्रमाणपत्र शिक्षण झाल्याचा पुरावा असते, परवाना नव्हे. ‘सरकारमान्य’ हा शिक्का (जाहिरातींचा लाडका शब्द) संस्थेच्या नोंदणीपुरताही असू शकतो.

तज्ज्ञ कमी असताना एवढी काटेकोरी कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण टंचाईने मदतीची गरज सिद्ध होते, निदानाची क्षमता नव्हे. समजा, औद्योगिक वसाहतीतील एखादा कामगार नोकरी गेल्यावर झोप उडाल्याचे सांगतो. प्रमाणपत्रधारकाने त्याचे ऐकावे, कर्ज आणि घरखर्चाचे निर्णय सुटे करून मांडायला मदत करावी. ‘तुम्हाला नैराश्य आहे’ असे निदान, मानसशास्त्रीय चाचणीचा अहवाल किंवा औषधाचा सल्ला त्याने देऊ नये. उदासी दोन आठवडे टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे; मरणाची भाषा आली, तर त्याच दिवशी, आणि टेलि-मानसचा 14416 हा क्रमांकही द्यावा. शुल्क घेण्याआधीच अभ्यासक्रमाचे नाव, कालावधी आणि या मर्यादा लेखी सांगितल्या, तर फसवणुकीचा प्रश्नच बहुधा उरत नाही.