पसायदान : नऊ ओव्यांचे मागणे

ज्ञानेश्वरीचा अठरावा अध्याय सगळ्यांत मोठा. साधारण नऊ हजार ओव्यांच्या ग्रंथात अठराशेहून अधिक ओव्या एकट्या या अध्यायाच्या आहेत. गीतेचा शेवटचा श्लोक उलगडून झाल्यावर ज्ञानदेव विश्वात्मक देवाकडे वळतात आणि म्हणतात की हा माझा वाग्यज्ञ होता, त्याने संतोष पाव आणि मला प्रसाद दे. पसाय म्हणजे प्रसाद. यज्ञ पुरा झाला की यजमानाने फळ मागावे ही जुनी रीत, आणि पसायदान त्या रीतीतून आले आहे. फरक आहे तो मागण्यात. ग्रंथ बोलणारा स्वतःसाठी काही मागत नाही.

पहिले मागणे दुसऱ्या ओवीत येते, आणि माझ्या मते सगळ्या पसायदानाचे मर्म तिथेच आहे. खळ, म्हणजे दुष्ट, मरोत असे ज्ञानदेव म्हणत नाहीत. त्यांची ‘व्यंकटी’, म्हणजे वाकडेपणा, सुटो एवढेच म्हणतात. पुढे लगेच दोन मागण्या जोडल्या आहेत : त्यांच्या ठायी सत्कर्माची गोडी वाढो आणि प्राणिमात्रांत एकमेकांविषयी जिवाभावाचे मैत्र उपजो. हा क्रम पाहण्यासारखा आहे. वाकडेपणा नुसता गेला तर माणूस निरुपद्रवी होईल. चांगल्या कामाची आवड लागली तर कामाचा होईल. मैत्रीची पाळी त्यानंतरची. ज्या गीतेवर ही टीका आहे, तिच्याच चौथ्या अध्यायात अवताराचे एक कार्य म्हणून दुष्टांचा विनाश सांगितला आहे. त्याच ग्रंथावर बोलून उठताना ज्ञानदेव दुष्टाला शिल्लक ठेवतात आणि दुष्टपणा तेवढा काढून टाका म्हणतात.

पुढच्या ओव्यांत पापाचा अंधार जाऊन विश्वाने स्वधर्माचा सूर्य पाहावा, ज्याला जे हवे ते मिळावे, अशा मागण्या येतात. मग सज्जनांचे वर्णन : चालते कल्पतरू, डाग नसलेला चंद्र, ताप नसलेला सूर्य. नववी ओवी मात्र मागण्याची नाही. विश्वेशराव हे दान दिले असे म्हणतात आणि ज्ञानदेव सुखी होतात. म्हणजे हा एक संवाद आहे, मागणे आणि होकार दोन्ही त्यात आहेत. हे विश्वेशराव म्हणजे गुरू निवृत्तिनाथच, असेही अनेक टीकाकार मानतात.

आता गाण्याकडे. ग्रंथाची ओवी अक्षरे मोजून बांधलेली नसते. पहिल्या तीन चरणांचे यमक जुळते, चौथा चरण आखूड आणि बिनयमकाचा. दुसऱ्या ओवीत पहिले तीन चरण ‘सांडो’, ‘वाढो’, ‘पडो’ अशा क्रियापदांवर संपतात (काही प्रतींत शेवटच्या जागी ‘जडो’). पण काय पडो, हे चौथ्या चरणात कळते. म्हणून तिसऱ्या चरणावर यमकाच्या मोहाने लांब थांबलो तर मैत्र शब्द वाक्यापासून तुटतो. शाळेच्या परिपाठात शंभर मुले एका सुरात म्हणतात तेव्हा नेमके हेच होते. तिसरा चरण संपताना श्वास न घेता आखूड चरणात उतरले, की अर्थ आपोआप जोडला जातो. चौथ्या चरणानंतर मात्र निवांत थांबावे.

पारायणात ओव्या वाचण्याची एक ठरलेली चाल असते. ती सुरापेक्षा शब्दाला जपते. सप्ताहात अठरावा अध्याय संपताना पसायदान येते तेव्हा सगळे हात जोडून ते म्हणतात. हृदयनाथ मंगेशकरांनी लावलेल्या चालीत लता मंगेशकरांनी ते गायले आणि ग्रंथ कधी न उघडलेल्या घरांतही ते पोहोचले. त्या ध्वनिमुद्रणाने एक गोष्ट मात्र झाली : पसायदान ग्रंथापासून सुटे झाले, आणि ऐकणाऱ्यांना तो ग्रंथाचा शेवट वाटू लागला.

तसे नाही. प्रचलित छापील प्रतींत पसायदान अठराव्या अध्यायाच्या 1794 ते 1802 या ओव्यांत आहे, आणि त्यानंतरही काही ओव्या उरतात. तिथे गोदावरीच्या दक्षिण तीराचा प्रदेश, राज्य करणारा यादव रामचंद्र आणि नाथांची गुरुपरंपरा यांची नोंद आहे. परंपरेने हे ठिकाण नेवासे मानले जाते. गाव प्रत्यक्षात प्रवरेकाठी आहे आणि प्रवरा गोदावरीला मिळते. तुमच्या घरी ज्ञानेश्वरी असेल तर पसायदानाच्या पुढच्या ओव्याही वाचा. शके 1212, म्हणजे 1290, हे साल आणि लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव तिथेच सापडेल.