आगरातलं शिंपणं आणि ठिबकचं अनुदान

आज गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरला जाऊया. देवळामागचा समुद्र तुम्ही रील्समध्ये बघितलाच असेल. मला बोलायचंय ते इथल्या नारळ-सुपारीच्या आगरांबद्दल.

कोकणात आगराला पाणी देण्याला शिंपणं म्हणतात. आधी विहिरीवर रहाट होता, लोट्यांतून पाणी पाटात पडायचं आणि पाटातून आळ्यात. मग पंप आला. उपसा वाढला, पाट मात्र तोच राहिला, आणि जांभ्याच्या जमिनीत वाटेतच पाणी जिरत राहिलं.

ठिबक कोकणात उशिरा आलं. इस्रायलमधल्या हात्झेरिम किबुत्झने १९६५ मध्ये सिम्खा ब्लास यांच्या तंत्रावर नेटाफिम सुरू केली. महाराष्ट्राने १९८६-८७ पासून ठिबकला अनुदान द्यायला सुरुवात केली. पण ठिबक पसरलं ते जळगावच्या केळीत आणि नाशिकच्या द्राक्षांत. इथे एवढा पाऊस, मग पाणी वाचवायचं कशाला? पण एप्रिलमध्ये विहिरीत डोकावलं की कळतं.

आता हिशोब करूया. आगरात ४० माड आहेत असं समजा. आळ्यात दर चार दिवसांनी माडामागे २०० लिटर, म्हणजे रोजचे ५० पडतात. ठिबकने साधारण ३२ पुरतात. रोज ७२० लिटर वाचले. डिसेंबर ते मे असे १८० दिवस धरले, तर वर्षाला सुमारे १ लाख ३० हजार लिटर, आणि सात वर्षांत नऊ लाख!

अनुदान मात्र एकदाच मिळतं. केंद्राच्या योजनेत लहान शेतकऱ्याला ५५ टक्के आणि राज्याची भर धरून ८० टक्के. पण पैसे आधी मिळत नाहीत हं. महाडीबीटीवर अर्ज, पूर्वसंमती, मग स्वतः खरेदी, बिल अपलोड, पाहणी, आणि नंतर खात्यात रक्कम. मंजूर खर्च ४० हजार असेल, तर शेवटी खिशातून जातात ८ हजार, पण आधी उभे करावे लागतात पूर्ण ४०. माझ्या मते छोट्या शेतकऱ्याची खरी अडचण इथेच आहे. शिवाय त्याच जमिनीवर पुन्हा अनुदान सात वर्षांनीच मिळतं, म्हणजे संच तेवढा टिकवायलाच हवा.

आणि संच बिघडतो तो गुपचूप. पाण्यात लोह असेल, तर ड्रिपरमध्ये तांबूस चिखल साचतो. वरून सगळं ठीक दिसतं, माड मात्र तहानलेला. ताशी ८ लिटरच्या ड्रिपरखाली भांडं ठेवा. १५ मिनिटांत २ लिटर भरायला हवेत. दीडच भरले, तर गाळणी धुवा, नळीचं टोक उघडून पाणी जोरात सोडा.

समुद्राकाठी अजून एक गोष्ट आहे. विहिरीचा उपसा फार झाला की खारं पाणी आत सरकतं. वाचलेले ते ७२० लिटर विहिरीतच राहिले, तर मे महिन्यातही पाणी गोडं राहण्याची शक्यता वाढते. त्याच पाण्यावर कुणी आणखी झाडं लावली, तर नाही.