ज्येष्ठ तलाठ्यांना ई-फेरफार शिकवताना

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. त्यामागे ई-फेरफार ही प्रणाली आहे. वलवण किंवा मावळातील इतर गावांच्या नोंदी वर्षानुवर्षे हाताने लिहिणाऱ्या तलाठ्याला फेरफार म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. नवा असतो तो फक्त पडदा.

म्हणून सुरुवात त्यांनीच पूर्वी लिहिलेल्या एखाद्या फेरफारापासून करावी. समजा, जुन्या नोंदीत क्षेत्र १ एकर २० गुंठे आहे. नवखा कर्मचारी १.२० असे भरून मोकळा होतो, पण संगणक ते १ हेक्टर २० आर समजतो. खरे क्षेत्र सुमारे ६०.७० आर, म्हणजे जवळजवळ निम्मे. शेत पाहिलेल्या तलाठ्याला ही चूक आकडा वाचताच खटकते.

माउस त्यांच्याच हाती राहू द्यावा; शिकवणाऱ्याने तो ओढून घेतला, की काम उरकते पण शिकणे थांबते. ते ‘पुढे जा’ दाबायला कचरत असतील, तर तो अडाणीपणा नव्हे. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केल्यावर तलाठ्याला तो स्वतः बदलता येत नाही. लेखनप्रमाद राहिल्यास जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली आदेश घ्यावा लागतो. कोणत्या टप्प्यापर्यंत चूक सुधारता येते, हे आधीच सांगितले की हात मोकळा चालतो.

शेवटी त्यांनी दुसरी नोंद कोणाला न विचारता पूर्ण केली, तरच शिकवणी झाली असे समजावे.