सांधणीच्या आधी: संपलेल्या पैठणीची प्रतीक्षायादी कशी जाहीर करावी

दुकानातला माल संपला की गोदामातून दुसरा मागवता येतो. येवल्यातल्या तीन मागांच्या घरात ‘पैठणी संपली’ याचा अर्थ वेगळा असतो. घडी घातलेल्या साड्या गेल्या, आणि मागावर जी अर्धवट विणलेली आहे तीही कुणाच्या तरी नावाची झाली. यापुढे जी साडी मिळेल ती अजून जन्मालाच यायची आहे. तिचे रेशीम कदाचित अजून रंगलेलेही नाही. प्रतीक्षायादीची घोषणा लिहिताना आधी हे मनात पक्के हवे. शिल्लक वस्तूची जाहिरात आणि न झालेल्या वस्तूची वाट पाहण्याचे निमंत्रण हे दोन निराळे लेखनप्रकार आहेत. पहिल्याची भाषा दुसऱ्याला लावली की खोटी घाई सुरू होते.

खोटी घाई म्हणजे काय, हे आता कायद्यानेही सांगितले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांतल्या तेरा प्रकारांत पहिलाच प्रकार खोट्या घाईचा आहे. ग्राहकाने लगेच खरेदी करावी म्हणून तातडीचा किंवा टंचाईचा खोटा आभास निर्माण करणे, मागणी असल्यापेक्षा जास्त भासवणे, माल आहे त्याहून कमी सांगणे, हे सारे त्यात येते. पण कायद्याच्या भीतीने घाई नुसती काढून टाकली तर घोषणा मिळमिळीत होते. ‘लवकरच उपलब्ध होईल, संपर्कात राहा’ हे वाक्य खोटे नसते, पण वाचणाऱ्याच्या हातात त्यातून काहीच पडत नाही. माझे म्हणणे असे, की हाताने केलेल्या वस्तूला खऱ्या मुदती असतात. त्या कामातूनच येतात आणि घोषणेत त्याच लिहायच्या असतात. त्यासाठी लिहिणाऱ्याने मागापाशी बसायला हवे.

मागावरचा एक ताणा संपत आला की नवा ताणा जोडतात. जुन्या ताण्याचे एकेक टोक नव्याच्या एकेका टोकाला पीळ देऊन सांधायचे, अशी ही हजारो टोके असतात. याला सांधणी म्हणतात. एका ताण्यातून एकाहून जास्त साड्या निघतात. आपण उदाहरणापुरत्या तीन धरू. ताण्याचा रंग एकदा मागावर चढला की त्या तिन्ही साड्यांना तोच राहतो. बाण्याचा रंग मात्र प्रत्येक साडीला बदलता येतो, आणि ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा असला की अंगाला धूपछाँव झळाळी येते. पदर विणायला घेईपर्यंत मोर हवा की आसावली, हेही ठरवता येते. एकदा पदर सुरू झाला आणि जरीच्या अन् रंगीत रेशमाच्या तिल्ल्या ओळीने लोंबू लागल्या, की मग बदल नाही. भरीव पदर दिवसाकाठी बोट-दोन बोटेच पुढे सरकतो. तो उसवायचा म्हणजे विणकराचे कित्येक दिवस उसवायचे.

म्हणजे ग्राहकासमोर तीन खऱ्या मुदती उभ्या राहतात. ताण्याचे रेशीम रंगायला जाण्याआधी ताण्याचा रंग, साडी सुरू होण्याआधी बाण्याचा रंग, पदराआधी नक्षी. ‘आजच नाव द्या, नाहीतर संधी जाईल’ याऐवजी ‘पुढचा ताणा जांभळा आहे. त्याची सांधणी श्रावणात होईल. जांभळ्या अंगाची साडी हवी असेल तर त्याआधी कळवा, नंतर ती पुढच्या ताण्यावर जाईल’ असे लिहिले की घाई खरी होते, कारण तिच्यामागचे कारण दिसते. ज्या मुदतीमागचे कारण एका वाक्यात सांगता येत नाही, ती मुदत घोषणेतून काढावी. ही कसोटी मला आजवर पुरली आहे.

आता काळाचा हिशेब. इथेच बहुतेक घोषणा चुकतात, कारण त्या एकच तारीख देतात. साध्या पदराची साडी एका मागावर सण, लग्नकार्य, आजारपण धरून सरासरी दीड महिन्यात उतरते असे समजू. तीन माग म्हणजे महिन्याला दोन साड्या. यादीत एखाद्या ताईंचे नाव चोविसावे आहे. त्यांच्या पुढच्या तेवीस जणांपैकी कुणीच गळाले नाही, तर त्यांची साडी बारा महिन्यांनी येईल. पण विनामूल्य यादीतले सगळे शेवटपर्यंत थांबत नाहीत. कुणी दुसरीकडे घेते, कुणाचे लग्न उरकते. आपल्या जुन्या वहीत पाहावे, मागच्या यादीतल्या किती जणांनी पाळी आल्यावर साडी घेतली. समजा निम्म्यांनी. मग चोविसावे नाव बाराव्या साडीच्या आसपास येते, म्हणजे सहा महिने. म्हणून त्या ताईंना ‘सहा ते बारा महिने’ हे उत्तर द्यायचे, आणि दोन टोकांत एवढे अंतर का, तेही सांगायचे. ‘साधारण नऊ महिने’ असे मधले सांगण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण नऊ ऐकणारी व्यक्ती आठव्या महिन्यात ब्लाउजचे माप द्यायला जाते.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. एका वर्षी आम्ही यादीतल्या सगळ्यांना ‘दिवाळीपर्यंत’ असे कळवले. बंगळुरूकडचे रेशीम वेळेवर आले, सुरतेची जर आली, पण एका मागावरचा विणकर पाय मोडून अंथरुणाला खिळला आणि तो माग दोन महिने उभा राहिला. दिवाळीच्या आठवड्यात मी सात जणींना फोन केले. उशिराबद्दल कुणी फारसे बोलले नाही. ‘नवरात्रात का नाही सांगितलंत?’ एवढेच सगळ्यांनी विचारले. माग उभा राहिल्याचे आम्हांला तेव्हाच माहीत होते. उशीर झाला की नवी मर्यादा जुनी तारीख यायच्या आधी कळवायची, हा नियम त्या दिवसापासून आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

यादी आणि मागणी यांत फरक ठेवणे हा दुसरा मोठा मुद्दा. यादीत नाव देणे म्हणजे ‘माझी पाळी आली की मला विचारा’ एवढेच. त्यात पैसे नाहीत, बंधन नाही. मागणी म्हणजे रंग ठरला, इसार दिला, साडी त्या नावाने मागावर गेली. घोषणेत हे दोन्ही मिसळले की भांडणे होतात. यादीतल्या ग्राहकाला वाटते साडी आपलीच, विणकराला वाटते अजून काहीच ठरलेले नाही. किमतीचा गोंधळही इथलाच. रेशमाचे आणि जरीचे भाव हलतात, त्यामुळे वर्षभरानंतरची किंमत आज पक्की सांगणे कठीण असते. म्हणून आजची किंमत लिहावी, आणि ती यादीत नाव देताना नव्हे, तर इसार घेताना पक्की होईल, हेही लिहावे. किंमत झाकून ठेवलेली यादी लांबलचक होते खरी, पण पाळी आल्यावर एकामागून एक नकार येऊ लागतात. असे नकार ओळीने आले तर समजावे की दोष घोषणेत आहे.

एवढे ठरले की घोषणा लहानच होते. आम्ही पाठवतो ती साधारण अशी असते:

‘नमस्कार ताई. सध्याच्या सगळ्या पैठण्या गेल्या आहेत. आमच्या तीन मागांवर महिन्याला साधारण दोन साड्या होतात. तुमचे नाव यादीत २४वे आहे. पुढचे सगळे थांबले तर १२ महिने, निम्मे गळाले तर ६ महिने लागतील. आज साध्या पदराच्या साडीची किंमत सोबत दिली आहे. ती इसार देताना पक्की होईल, आता काही द्यायचे नाही. पाळी आली की फोन करू आणि उत्तरासाठी सात दिवस थांबू, कारण माग रिकामा ठेवता येत नाही. कार्य सहा महिन्यांच्या आत असेल तर कृपया आमच्यासाठी थांबू नका. नाव काढायचे झाल्यास एका शब्दाने कळवा.’

‘थांबू नका’ हे वाक्य पाहून घरातले थोरले नाराज झाले होते. हाती आलेले गिऱ्हाईक कोण सोडते, असे त्यांचे म्हणणे. पण वैशाखात लग्न असलेली मुलगी आश्विनातल्या साडीसाठी यादीत राहिली, तर ती शेवटी रागावूनच जाते. वेळेवर सांगितले तर ती दुसरीकडे साडी घेते आणि बहिणीच्या लग्नासाठी आपल्याकडे परत येते.

मधल्या महिन्यांत ग्राहकाची ओढ कशी टिकवायची? महिन्यातून एक निरोप पुरतो. त्यात यादी कुठवर सरकली, हे आधी. चोविसावे नाव एकोणिसावे झाले, म्हणजे वरची मर्यादा आता अडीच महिन्यांनी कमी झाली. त्यासोबत कामातले एखादे दृश्य: रंगून आलेली रेशमाची लड, सांधणीला बसलेली बोटे. सणाच्या शुभेच्छा आणि साडीचे गुणगान मी पाठवत नाही, त्यांतून वाट पाहणाऱ्याला काही कळत नाही. उपयोगाची माहिती मात्र द्यावी. एका निरोपात आम्ही पदर उलटून पाहायला सांगितले होते. हाताने विणलेल्या पदराची उलटी बाजू जवळजवळ सुलट बाजूसारखीच दिसते, कारण रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणलेले असतात. यंत्रमागावरच्या पदराच्या मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. त्या महिन्यात दोन जणींनी बाजारातल्या पदराचे फोटो पाठवून विचारले. एकीचा हातमागाचा होता. तिने तो घेतला आणि यादीतून नाव काढले. ते नाव मी समाधानाने खोडले.

यादीला शेवटही हवा. महिन्याला दोन साड्यांच्या वेगाने छत्तीस नावे म्हणजे दीड वर्ष. त्यापुढचे आम्हांला सांगता येत नाही. विणकर किती राहतील, भाव काय असेल, कशाचीच खात्री नाही. म्हणून छत्तिसाव्या नावानंतर यादी बंद. सदतिसाव्या फोनला आम्ही सांगतो की यादी भरली आहे, ती दहा नावे कमी झाल्यावर, बहुधा पाडव्याच्या सुमारास, पुन्हा उघडेल, आणि हवे असल्यास त्या दिवशी एक निरोप पाठवू. नंबर वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहायचा, आणि तो निरोप गेला की खोडून टाकायचा.