बेसिन मिक्सर बदलणे

गरम आणि थंड पाणी एकाच तोटीतून देणारा नळ काढून त्याजागी नवा बसवण्याचे काम. ग्वाल्हेरच्या हजीरा भागासारख्या ठिकाणी, जिथे पाणी गच्चीवरच्या टाकीतून उतरते, तिथे आधी दाब पाहावा. पाण्याच्या पातळीपासून नळापर्यंतचे अंतर ३ मीटर असेल तर दाब सुमारे ०.३ बार मिळतो. अनेक सिंगल लिव्हर मिक्सरना किमान ०.५ बार लागतो. त्यामुळे वरच्या मजल्यावर महागडा मिक्सरही बारीक धार देतो. खोक्यावरचा दाबाचा आकडा वाचूनच नळ घ्यावा.

गीझर बंद करून दोन्ही अँगल कॉक फिरवावेत आणि नळ उघडून पाणी थांबल्याची खात्री करावी. जुना कॉक थेंब सोडत असेल तर टाकीचा व्हॉल्व्हच बंद करावा. बेसिनखाली बादली ठेवून कनेक्शन पाइप कॉककडून सोडवावेत. बेसिनचा अर्धा खांब सुटा असल्यास आधी तोही बाजूला काढावा.

खरी अडचण मागे आहे. भिंत आणि बेसिनची पाठ यांच्यामधल्या फटीत साधा पाना फिरत नाही. तिथे बेसिन पाना लागतो. त्याच्या लांब दांड्याच्या टोकाला झुलता जबडा असतो आणि खालच्या टोकाला आडवी मूठ. जबडा उलटा केला की तोच पाना आवळायला चालतो. मिक्सर लांब स्टडवर बसलेला असेल तर स्टड आत सामावेल असा खोल, नळीसारखा बॉक्स पाना अधिक सोपा. स्टड एम८चा असेल तर नट साधारणपणे १३ मिमीचा असतो. खालून वर पाहताना नट घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. क्षाराने धरला असेल तर गंज सोडवणारे तेल मारून थांबावे. तरीही हलला नाही तर हॅक्सॉच्या ब्लेडने स्टड कापावा. जोर लावल्यास चिनीमाती तडकते, आणि मग नळाऐवजी बेसिन बदलावे लागते.

नवे कनेक्शन पाइप मिक्सरमध्ये आधी, मोकळ्या जागेत, हातानेच बसवावेत. टोकाला ओ-रिंग असते, म्हणून टेफ्लॉन टेप नको. नंतर पाइप भोकातून खाली सोडून, रबर वॉशर आणि नालेच्या आकाराची पट्टी लावून, तोटी सरळ धरत नट आवळावा. गरम पाण्याचा पाइप डाव्या कॉकला जोडावा. अर्ध्या इंची टोकात रबर वॉशर असल्याने तेही हाताने आवळून पान्याने पाव फेरा पुरतो.

पाणी सोडण्याआधी एरेटर काढावा, नाहीतर पाइपातला कचरा जाळीत अडकतो. मग नळ बंद ठेवून दोन्ही कॉक पूर्ण उघडावेत आणि प्रत्येक जोडाला कोरडा टिशू टेकवावा. डोळ्यांना न दिसणारी गळती कागदावर डाग पाडते.